बारा लूमचा भाव

भागीदारी मोडायची हे दामूनं दौलतला लूम चालू असताना सांगितलं, म्हणून ते त्याला आधी कळलंच नाही. बारा लूमच्या खडखडाटात माणूस बोलत नाही, ओठ हलवतो आणि हात करतो. दामूनं दोन बोटं जुळवून सोडवली, तेव्हा दौलतला वाटलं, कुठल्या तरी लूमवर ताणा तुटलाय. तो बघायला निघाला. दामूनं त्याचा दंड धरला आणि त्याला ओढत बाहेर गटाराजवळ आणलं.

"लूमचं न्हाय रे," दामू ओरडून म्हणाला. बाहेरही तो ओरडूनच बोलायचा, कारण त्याच्या कानांचं आता काही खरं नव्हतं. "आपलं. आपलं सोडवू आता. मना न्हाय जमायचं यापुढं. गावाला जातो."

दिवाळीचे कंदील अजून भिवंडीतल्या टेमघरच्या चाळींवर लटकत होते. दौलत त्या कंदिलांकडे बघत म्हणाला, "बरं." दामूला ते ऐकू गेलं नसावं. त्यानं पुन्हा विचारलं, "काय म्हनलास?"

दौलत म्हात्रे भिवंडीजवळच्या राहनाळचा. त्याच्या वडिलांची जमीन खाडीकडेला होती, भात आणि मिठागर, दोन्ही. गोडाऊनवाले आले तेव्हा जमिनीला सोन्याचा भाव आला. भावकीतल्या इतरांनी गाड्या घेतल्या, बंगले बांधले. दौलतनं टेमघरला एक प्लॉट घेऊन पत्र्याची शेड उभी केली आणि लूम, म्हणजे यंत्रमाग, टाकायचं ठरवलं. लूममधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या कारखान्यात दामू शेलार नावाचा एक जॉबर, म्हणजे लूमची दुरुस्ती आणि देखरेख बघणारा, होता. तो वाडा तालुक्यातल्या एका गावातला. पोरवयात भिवंडीला आला, झाडू मारता मारता विणकर झाला आणि विणकराचा जॉबर झाला. दौलत आठवडाभर रोज त्याच्या चहाच्या वेळी जाऊन बसला आणि शेवटी म्हणाला, "पगारावर नको येऊ. भागीदार म्हनून ये."

वडील भडकले होते. पैसा आपला, जागा आपली आणि नफा निम्मा का? पण दौलतनं करारात तसंच लिहून घेतलं. भांडवल ज्याचं त्याचं, नफा-तोटा अर्धा-अर्धा. शेड दौलतच्या स्वतःच्या नावावर राहिली, फर्म त्याला तिचं भाडं द्यायची. दामूनं गावच्या दोन म्हशी विकून जे आणलं ते त्याचं भांडवल. पुढे तो दरवर्षी नफ्यातला थोडा भाग मागे ठेवत गेला आणि ते वाढलं.

आता दौलतनं साठी ओलांडली होती. बायको कमळा करोनाच्या पहिल्या लाटेत गेली. मुलगा कुणाल आणि सून करिष्मा ठाण्याला घोडबंदरला राहायची, पंधरवड्यातून एखाद्या रविवारी येऊन जेवून जायची. घर तीन मजल्यांचं, वरचे दोन भाड्यानं दिलेले. खालच्या मजल्यावर दौलत आणि टीव्ही. सकाळी उठून तो स्वतःच भाकरी थापायचा, बांगडा किंवा सुकट करायचा, डबा भरायचा आणि स्कूटरवरून टेमघरला जायचा. डबा दोघांचा असायचा. दामूच्या बायकोचा, मैनाचा डबाही दोघांचा असायचा. दोन डब्यांत चौघांचं जेवण होतं आणि दोघं ते संपवत.

कुणालला बातमी कळली तेव्हा त्याचा फोनवरचा आवाज एकदम मोकळा झाला. "बाबा, बरंच झालं. लूममध्ये आता काय उरलंय? लाईट बिल बघा. ती शेड गोडाऊनला दिली तर घरबसल्या दुप्पट भाडं येईल. तुम्हाला रोज जायची कटकट नको."

"हां," दौलत म्हणाला. कटकट या शब्दावर तो अडखळला.

फर्मचे हिशेब बघायला धामणकर नाक्याजवळ एक कर सल्लागार होता. त्याच्या ऑफिसात नेत्रा नावाची मुलगी हे काम करायची. मुलगी म्हणजे तिला स्वतःला शाळेत जाणारी मुलगी होती, पण दौलतला ती मुलगीच वाटायची. तिनं दोघांना समोर बसवलं आणि सावकाश, दामूला ओठ दिसतील असं तोंड करून समजावलं.

"काका, फर्मचं विसर्जन करायचं म्हणजे एक नवीन खातं उघडायचं. रिअलायझेशन अकाउंट. आमच्या पुस्तकात त्याला वसुली खातं म्हणायचे. रोख आणि बँक सोडून फर्मची जेवढी मालमत्ता आहे, लूम, कांडी मशीन, कापड, सूत, येणी, विजेचं डिपॉझिट, सगळी वहीतल्या किमतीला या खात्याच्या नावे टाकायची. बाहेरची देणी जमेला. मग एकेक वस्तू विकत जायची. जे येईल ते जमा, जे फेडाल ते नावे. शेवटी जो फरक राहील तो नफा किंवा तोटा. तो दोघांच्या भांडवल खात्यात अर्धा-अर्धा जाणार."

"आणि मी फर्मला दिलेलं दीड लाख?" दौलतनं विचारलं. मागच्या मंदीत पगार थकले तेव्हा त्यानं ते घातले होते.

"ते तुमचं कर्ज. ते वसुली खात्यात येत नाही. आधी बाहेरच्यांची देणी, मग तुमचं कर्ज आणि त्यानंतर जे उरेल ते भांडवलापोटी. हा क्रम मोडता येत नाही."

"आन मग?" दामूनं विचारलं.

"मग सगळी खाती शून्य. बँक खातं बंद, जीएसटी बंद. फर्म संपली."

दौलतनं तिच्या टेबलावरच्या काचेखालचे जुने कॅलेंडरचे देव बघितले. खाती शून्य होतात, म्हणजे दामूचं आणि त्याचं काही म्हणता काही उरत नाही, हे त्याला तिथे बसल्या बसल्या समजलं. ते कुणाला म्हणायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं.

लूम बंद झाले. ताण्याचा शेवटचा बीम संपला त्या दुपारी शेडमध्ये जी शांतता झाली ती अंगावर यावी अशी होती. बाहेरच्या रिक्षा ऐकू येऊ लागल्या, पत्र्यावर चालणारं कबुतर ऐकू येऊ लागलं. विणकर उत्तर प्रदेशातले, बहुतेक एकाच जिल्ह्यातले. त्यांचा हिशेब करून दामूनं एकेकाला मिठी मारली. त्यांना कारखाना बंद होण्यापोटी जे द्यायचं ठरलं ते वहीत आधी कुठे लिहिलेलं नव्हतं, तरी द्यायलाच हवं होतं. नेत्रानं ते वसुली खात्याच्या नावे टाकलं. सूत देणारा व्यापारी रोख एकरकमी मिळतंय म्हणून दहा हजार सोडायला तयार झाला. कापड कमी भावात का होईना, गेलं. एका व्यापाऱ्याकडून येणं होतं, त्यानं हात वर केले. तो तोटा धरावा लागला.

राहिले लूम.

संक्रांतीच्या सुमाराला भंगारवाले शेख आले. त्यांनी लूमच्या फ्रेमवर नखानं टकटक केली, मोटार वेगळी बघितली, वाकून खालचं लोखंड बघितलं आणि म्हणाले, "सेठ, तीस हजार का एक. बारा के तीन साठ. आज बोलो तो परसों गाड़ी लगाता हूँ."

दामूनं दौलतकडे बघून मान हलवली. देऊन टाक.

"नहीं," दौलत म्हणाला. "थोडा रुको. भाव बढ़ेगा."

"भाव कहाँ से बढ़ेगा सेठ? रोज दो कारखाने बंद हो रहे हैं."

"देखेंगे."

शेख गेले. दामू दौलतसमोर आला. "काय करतोस? वहीत पाच-चाळीस हायेत म्हनून? कोन देनार हाय तुला पाच-चाळीस? दे ना घालून."

"वाढल भाव," दौलत ओरडला. "बघ तू."

भाव वाढणार नाही हे दौलतला पक्कं ठाऊक होतं. पण लूम विकले नाहीत तोवर खातं उघडं होतं. खातं उघडं असलं की माल दोघांचा, म्हणून शेडला कुलूप लावायला आणि उघडायला दोघांनी यावं लागत होतं. तो रोज डबा घेऊन येत राहिला. दामूही यायचा, गावी जायचं लांबवून, खोलीचं भाडं भरत. दोघं थंड पडलेल्या लूमच्या मधल्या वाटेत पिंपांवर बसायचे. इतकी वर्षं ते एकमेकांशी लूमच्या आवाजातूनच बोलत आले होते, बीम, मोटार, कोण दांडी मारतोय, कुठल्या पार्टीनं माल परत पाठवला. आता आवाज नव्हता आणि विषयही नव्हता.

एकदा दौलतनं कमळाचं बोलायला सुरुवात केली. हॉस्पिटलनं तिला शेवटचं बघू दिलं नव्हतं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परस्पर नेलं, हे त्यानं कधी कुणाला नीट सांगितलेलं नव्हतं. तो हळू आवाजात सांगत गेला, कारण असं काही ओरडून सांगता येत नाही. दामू त्याच्या तोंडाकडे बघत होता. सांगून झालं तेव्हा दामू म्हणाला, "व्हय, मोटारीचा वेगळा भाव लागल. मी पन तेच म्हनतो."

दौलतनं मान हलवली आणि डब्याची वाटी पुढे केली.

होळी झाली. शेख पुन्हा आले तेव्हा त्यांनी लूमला नखही लावलं नाही. "बाईस," ते म्हणाले. "बुरा मत मानना. मेरे यार्ड में जगह नहीं है. बाईस में भी आपके लिए ले रहा हूँ."

शेख गेल्यावर दामू बाहेर जाऊन गटाराच्या कडेला उभा राहिला.

नेत्रानं दोघांना बोलावलं. दोन लाख चौसष्ट हजार लूमचे धरून तिनं वसुली खातं तयार केलं होतं. मालमत्ता वहीत बारा लाखांची होती आणि विकून सगळी मिळून आठ लाखही होत नव्हते. त्यात कामगारांचे आणि विक्रीच्या खर्चाचे पैसे. तोटा पाच लाख साठ हजार. प्रत्येकाच्या वाट्याला दोन लाख ऐंशी.

"दौलतकाका, तुमचं भांडवल सहा लाख. तुम्हाला कर्जाचे दीड लाख वेगळे आणि भांडवलापोटी तीन लाख वीस हजार." मग तिनं दामूकडे तोंड वळवलं. "दामूकाका, तुमचं भांडवल दोन लाख चव्वेचाळीस. तोट्याचा वाटा त्याच्यापेक्षा जास्त आहे. छत्तीस हजार तुमच्याकडून येणं निघतंय. ते तुम्ही फर्ममध्ये भरायचे, मग ते दौलतकाकांच्या वाट्यात जातील."

दामूला ऐकू गेलं नाही असं वाटून तिनं आकडा कागदावर लिहून त्याच्यासमोर सरकवला. त्याला ऐकू गेलं होतं. त्यानं कागद उलटा करून ठेवला.

"म्हैन्याला पाच हजार दीन," तो म्हणाला. "पैल्या तारखेला गावावरनं येऊन दीन. चालल ना?"

दौलतनं त्याच्याकडे बघितलं. खरं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं, असू दे, नको देऊ. पण पहिल्या तारखेला येऊन, हे शब्द त्याच्या कानात बसले. पहिली तारीख. म्हणजे दामू एसटीनं येईल, नाक्यावर उतरेल, जेवायलाही थांबेल. पैसे फिटायला काही महिने जातील आणि तोवर पुढचं पुढे.

"चालल," तो म्हणाला. त्या संध्याकाळी त्यानं बाजारातून पापलेट आणलं. एकट्यासाठी पापलेट त्यानं कमळा गेल्यापासून आणलं नव्हतं.

चार-पाच दिवसांनी दामू शेडवर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन त्याला ऐकू येत नसे, म्हणून दौलत त्याच्या खोलीवर गेला. टेमघरच्याच चाळीत ती खोली होती. दार उघडं होतं. आतली भांडी पोत्यात बांधलेली, पंखा काढून ठेवलेला. दामू ट्रक ठरवायला गेला होता. मैना एकटीच होती, आणि एका बाजूला तिची स्वतःची काही भांडी, स्टोव्ह आणि एक गादी तशीच ठेवलेली होती.

"भावजी, बसा. च्या ठेवते."

"हे बांधलं न्हाय?" दौलतनं गादीकडे बोट केलं.

"मी ऱ्हाते ना इथंच. खोली सोडतोय, पन पुढच्या गल्लीत दोघीतिघी बाया ऱ्हातात, त्यांच्यात. राहनाळला गोडाऊनात पॅकिंगला लागलंय नाव. उभं ऱ्हावं लागतं दिवसभर, पन पगार वेळेवर हाय." तिनं स्टोव्हला पंप मारला. "हप्ता हाय ना आता. शेतातनं रोकडा पैसा कुठं येतोय? ते जातील गावाला, घर उघडतील, मी म्हैन्याचं इथनं दीन. फिटलं की जाईन मीही."

"किती वर्सं झाली तुमच्या लग्नाला?" दौलतनं विचारलं.

"मोजलं कोनी?" मैना हसली. "ते भिवंडीत ऱ्हायले आन मी गावात, सासूचं करीत. पोरं मोठी झाल्यावर आली मी इकडं. आता गावाला जाऊ म्हनलं, तर हे असं. त्यांना ऐकू येत न्हाय, रात्री कुत्री भुंकली तरी कळायचं न्हाय. एकटं कसं ऱ्हातील, तेवढंच वाटतं." तिनं कप पुढे केला. "तुमचं काय चुकलं न्हाय हां यात. तोटा सगळ्यांनाच झाला."

दौलतनं चहा घेतला. तो कधी संपला ते त्याला कळलं नाही. खाली आल्यावर तो स्कूटर चालू न करता तिच्यावर नुसताच बसून राहिला. समोर एका बंद कारखान्याच्या दारात भंगाराची गाडी भरत होती. तीन साठला त्यानं नाही म्हटलं होतं, दामूनं नाही. आणि भाव वाढेल म्हणून तो थांबला नव्हता.

तो थेट नेत्राकडे गेला.

"फर्मची वस्तू भागीदारालाच घेता येते का?"

"येते ना. दोघांना मान्य असलेल्या किमतीला. ती रक्कम वसुली खात्यात जमा होते आणि त्या भागीदाराच्या भांडवलातून वजा होते. रोख द्यावी लागत नाही. पण का? तुम्हाला काय घ्यायचंय?"

"बारा लूम. तीन साठला."

नेत्रानं चष्मा वर केला. "काका, बाजारभाव दोन चौसष्ट आहे."

"माहीत हाय. शेखला मीच विकीन नंतर, माझ्या नावानं. ते माझं मी बघीन. तू फक्त सांग, दामूचं काय निघतं?"

तिनं कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली. "तोटा खाली येतो. चार लाख चौसष्ट. प्रत्येकी दोन बत्तीस. दामूकाकांना भरायचं काही नाही, उलट बारा हजार त्यांनाच मिळतील. तुमच्या भांडवलातून तोटा आणि लूम गेले की आठ हजार उरतात. कर्जाचे दीड लाख दिल्यावर बँकेत राहतात वीस हजार. बारा आणि आठ." तिनं ते आकडे पुन्हा जुळवून बघितले. "बरोबर बसतंय. पण लूम विकून तुम्हाला जे मिळेल ते धरलं तरी आधीच्यापेक्षा अठ्ठेचाळीस हजारांनी तुम्ही कमी पडता."

"हां."

"आणि खाती लगेच बंद होतील. हप्ता-बिप्ता काही राहणार नाही."

"तेच," दौलत म्हणाला. "तेच करायचंय."

सह्यांच्या दिवशी दामू कानात ऐकायचं यंत्र लावून आला. सरकारी दवाखान्याच्या शिबिरात फुकट मिळालेलं, कातडीच्या रंगाचं. तो ते सारखं चाचपत होता आणि आवाज आला की दचकत होता.

नेत्रानं नवा हिशेब वाचून दाखवला. दामूनं तो दोनदा ऐकला. मग दौलतकडे वळला.

"तीन साठ का?"

"तो भाव आलेला. मी न्हाय म्हनलो," दौलत सवयीनं ओरडला.

दामूनं कानावर हात ठेवला. "हळू रे! ओरडतोस का?" आणि मग तो एकदम हसला. "तुजा आवाज असा हाय व्हय? मना वाटायचं जाड असल."

दौलतलाही हसू आलं. नेत्रा दोघांकडे बघत बसली.

दामू हिशेबाकडे वळला तेव्हा त्याचं हसू गेलेलं होतं. "व्हय, तूच न्हाय म्हनला होतास," तो म्हणाला. "मी दे म्हनत होतो." एवढंच बोलून त्यानं विसर्जनाच्या करारावर सही केली. पूर्ण नाव, सावकाश, प्रत्येक अक्षर ओढून. उपकार मानले नाहीत, आणि त्यानं ते मानले नाहीत याचं दौलतला बरं वाटलं. दोन चेक फाडले गेले. दामूनं आपला चेक दुमडून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. खाली रस्त्यावर येऊन त्यांनी कटिंग चहा घेतला, पैसे दामूनं दिले. मग त्याला ट्रकवाल्याचा फोन आला आणि तो यंत्रातून फोन ऐकायची कसरत करत करत गर्दीत गेला. नीट निरोप असा झालाच नाही.

मैना त्याच ट्रकमधून गेली. तिची गादी सगळ्यात वर बांधली होती.

शेखांनी लूम नेले तेव्हा दौलत शेडवर गेला नाही. किल्ली शेखांच्या माणसाकडे दिली. पुढच्या महिन्यात कुणालनं आणलेल्या एका कंपनीनं शेड गोडाऊन म्हणून घेतली, आतली जमीन गुळगुळीत केली, दारं मोठी केली. भाडं खरंच दुप्पट आलं, पहिल्या तारखेला, परस्पर बँकेत. दौलत सकाळी उठून भाकरी थापायचा. दोन थापल्यावर हात थांबत नसे. तिसरी, चौथी करून झाल्यावर त्याच्या लक्षात यायचं. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला एक-दोनदा दिल्या, पण त्याची बायको संकोचायला लागली. मग तो दोनच थापू लागला.

गणपती गेले, दिवाळीही गेली. थंडीत एका सकाळी त्यानं स्कूटर काढली आणि वाड्याच्या रस्त्याला लागला. कुणालला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, का?

दामूचं घर विचारत विचारत सापडलं. अंगणात वालाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. ओट्यावर गावातले तिघे-चौघे बसलेले, दामू त्यांच्यात. कशावर तरी हसणं चाललं होतं. दौलतला बघून दामू लगबगीनं उठला, आत गेला आणि घरातली एकुलती एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला. ती त्यानं पंच्यानं पुसली.

"बसा, शेट," तो म्हणाला. मग लोकांकडे वळून, "हे आमचे भिवंडीचे दौलतशेट. यांच्याकडं होतो मी."

लोकांनी हात जोडले आणि थोडं सरकून बसले. दौलत खुर्चीत बसला. दामू खाली ओट्याच्या कडेला टेकला.

"काय काम काढलंत इकडं?" दामूनं विचारलं. "सहीबिही ऱ्हायली का कुठं?"

"न्हाय. सगळं झालं ते." दौलतनं रुमालानं मान पुसली. "हे... एक जागा बघायला आलो होतो पुढं. म्हनलं, वाटेवरच हाय."

"बरं केलंत."

मैनानं कपबशीतून चहा आणला, बरोबर बिस्किटं. ती आधीपेक्षा भरलेली, उन्हानं काळवंडलेली दिसत होती. तिनं कुणालचं विचारलं, करिष्माचं विचारलं. दामूनं यंत्र लावलं होतं, पण गावातल्या एकानं पाण्याच्या पाळीचं काही काढलं आणि त्याचं लक्ष तिकडे गेलं. तिथला दामू बोलका होता. वाद घालत होता, मध्येच कुणाच्या तरी पाठीवर थाप मारत होता. दौलतनं त्याला इतकं बोलताना कधी बघितलं नव्हतं. त्याला त्याचं बरंही वाटलं.

जेवायला थांबा, असं मैना म्हणाली. थांबावं असं त्याला फार वाटलं. पण आत ताटं किती आहेत, कुणाची मांडली जातील आणि आपल्याला पाटावर बसवून बाकीचे बाजूला उभे राहतील, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर आलं.

"जागावाला थांबलाय," तो म्हणाला.

दामू रस्त्यापर्यंत सोडायला आला. लोक मागे राहिल्यावर त्यानं दौलतच्या खांद्यावर हात ठेवला. काहीतरी बोलेल असं वाटलं. "टायरात हवा कमी हाय तुज्या," तो म्हणाला. "पुढं पंप हाय, भरून घे."

"घेतो."

मैनानं मागून हाक मारत येऊन वालाची पिशवी हँडलला अडकवली. दौलत निघाला. पंपावर त्यानं हवा भरली. तिथून समोर पुढचा रस्ता होता आणि मागे भिवंडीचा. जागा बघायची असं सांगितलेलं, म्हणून तो थोडा पुढे गेला, गावाच्या नजरेआड होईपर्यंत. तिथे एका सागाखाली थांबला आणि दामू आता घरात जेवायला बसला असेल इतका वेळ गेल्यावर मागे वळला.

संध्याकाळी त्यानं वाल भिजत घातले. किती घालायचे याचा अंदाज त्याला नव्हता, ते काम नेहमी कमळाचं असायचं. दुसऱ्या दिवशी ते फुगून पातेल्याच्या कडेपर्यंत आले. त्यानं सगळ्यांना मोड आणले, एकेक सोलला आणि सगळ्यांची उसळ केली. त्या आठवड्यात तो रोज तीच खात होता.